कोळंबी लोणच्याची बॅच B118: बाटल्या परत मागवण्याची सूचना आणि पैसे परत देण्याची पद्धत

कुडाळ तालुक्यातल्या एका लहान कारखान्यात २८ एप्रिलला कोळंबीच्या लोणच्याची एक बॅच भरली गेली. दोनशे ग्रॅमच्या काचेच्या बाटल्या, लाल पत्र्याचं झाकण, एकूण ४२० नग. ८ मे रोजी राखीव नमुन्याची बाटली तपासली तेव्हा लोणच्याचा पीएच ४.९ निघाला. हा आकडा जितका कमी तितकं लोणचं आंबट. तो ४.६ च्या खाली असायला हवा, आणि कारखान्याचं स्वतःचं लक्ष्य ४.२ होतं. बाटल्या परत मागवण्याचं काम आमच्या चौघांच्या गटाकडे आलं: सूचना लिहिणं, फोन घेणं, पैसे परत देणं आणि शेवटी हिशोब जुळवणं. पुढे जे लिहिलंय ते कोकणातल्या लहान उद्योगांना आणि बचत गटांना जसंच्या तसं वापरता यावं म्हणून.

आधी ४.६ या आकड्याबद्दल, कारण सूचनेतलं प्रत्येक वाक्य त्याच्यावर उभं आहे. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू बीजाणूंच्या रूपात माती आणि समुद्राच्या गाळातही असतात. साध्या उकळण्याने हे बीजाणू मरत नाहीत. तेलाखाली, घट्ट झाकणाच्या आत हवा नसते, आणि पीएच ४.६ च्या वर असला तर तिथे ते रुजून विष तयार करू शकतात. आंबट लोणच्यात हे होत नाही. म्हणजे व्हिनेगर चवीपुरतं नसतं, लोणचं सुरक्षित ठेवण्याचं काम तेच करतं. या बॅचमध्ये कारखान्यातच पाणी घालून पातळ केलेलं अ‍ॅसिटिक आम्ल नेहमीपेक्षा सौम्य झालं होतं. भरण्याच्या दिवशी पीएच घेतला होता, पण फक्त वरच्या रसाचा, आणि तो ४.१ आला. कोळंबीच्या गाभ्यात आंबटपणा मुरायला काही दिवस जातात, आणि मुरताना रसातला आंबटपणा उतरतो. म्हणून काही दिवसांनी तेल निथळून, कोळंबी आणि मसाला एकत्र वाटून जो आकडा येतो तोच खरा. तेल पुसून न घेता मीटरची कांडी बुडवली तर तिच्या टोकाला तेलाचा थर बसतो आणि आकडा भलताच येतो. म्हणून कॅलिब्रेशन करून तोच नमुना दुसऱ्यांदा मोजला. पुन्हा ४.९.

विष प्रत्यक्षात तयार झालंय का हे पाहायला प्रयोगशाळेत नमुना पाठवता येतो, आणि पाठवावाही. पण त्या अहवालासाठी सूचना अडवून ठेवायची नसते. एका बाटलीत विष सापडलं नाही म्हणजे बाकीच्या ४१९ मध्ये नाही, असं होत नाही. पीएच चुकला एवढंच कारण पुरेसं आहे. अन्न परत मागवण्याच्या कार्यपद्धतीचे २०१७ चे विनियम आहेत. त्यांनुसार राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्तांना आणि एफएसएसएआयला चोवीस तासांच्या आत कळवावं लागतं. जिवाला धोका होऊ शकणारं प्रकरण पहिल्या वर्गात येतं, आणि हे तसंच होतं. ८ मेच्या संध्याकाळी जिल्ह्याच्या एफडीए कार्यालयाला ई-मेल गेली. सोबत बॅच क्रमांक, नगांची संख्या, कुठे किती माल गेला त्याची यादी आणि ग्राहकांसाठीच्या सूचनेचा मसुदा जोडला होता.

यादी अशी होती. ९६ बाटल्या गोदामातच होत्या. २१० बाटल्या कुडाळ, मालवण, कणकवली आणि सावंतवाडीच्या अकरा दुकानांत गेल्या होत्या. ५४ दादरच्या एका दुकानात, आणि ६० कारखान्याच्या दारातल्या काउंटरवरून थेट विकल्या गेल्या होत्या. हे शेवटचे साठ नग सर्वांत अवघड. मे महिना, चाकरमानी गावी आलेले. एकेकाने चार-पाच बाटल्या घेतलेल्या, त्याही वाटायला. विकत घेणारा एक आणि खाणारा दुसराच, शिवाय खाणाऱ्याकडे बिलाचा कागद नाही.

सूचनेचा पहिला मसुदा कारखान्याच्या ऑफिसातून आला तो असा: ‘आमच्या मान्यवर ग्राहकांच्या सुरक्षिततेस सर्वोच्च प्राधान्य देत, केवळ खबरदारीचा उपाय म्हणून, आम्ही आमच्या कोळंबी लोणच्याची विशिष्ट बॅच स्वेच्छेने बाजारातून परत घेत आहोत. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ हे वाचून बाईने स्वयंपाकघरात जाऊन नेमकं काय करायचं? ‘केवळ खबरदारी’ म्हटलं की वाचणारा म्हणतो, मग एवढं काही नसेल. ‘बाजारातून’ म्हटलं की त्याला वाटतं, ते दुकानदार बघतील, आपल्या फळीवरच्या बाटलीचा याच्याशी संबंध नाही. ‘विशिष्ट बॅच’ कोणती, ते तर लिहिलेलंच नाही. वकिलाला आवडेल असा मजकूर आहे, पण त्याने एकही बाटली हलणार नाही.

आम्ही सूचना हातांच्या क्रमाने लिहिली. आधी बाटली ओळखायची, मग तिचं काय करायचं, मग ज्याने खाल्लं त्याने काय बघायचं, आणि शेवटी पैसे. ९ मेच्या सकाळी गेलेली सूचना ही. नाव आणि फोन नंबर तेवढे इथे काढलेत:

> कोळंबीचं लोणचं खाऊ नका. बॅच B118.
> ९ मे
>
> कोणती बाटली: आमचं २०० ग्रॅमचं कोळंबी लोणचं, लाल झाकण. झाकणावर काळ्या शाईत B118 आणि त्याखाली 28/04 छापलंय, ती बाटली. नंबर पुसला असेल, वाचता येत नसेल, तर ती B118 च आहे असं समजा. B117 आणि B119 तपासल्या आहेत, त्या बरोबर आहेत.
>
> का: या बॅचमध्ये आंबटपणा कमी पडला आहे. त्यामुळे बाटलीत जंतूंचं विष तयार होऊ शकतं. त्याला वास येत नाही, चव कळत नाही, रंग बदलत नाही.
>
> काय करायचं: बाटली उघडू नका. चाखून बघू नका. मांजर, कुत्रा, कोंबड्या, कुणालाही घालू नका. गटारात, व्हाळात किंवा परसात ओतू नका. बाटली एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून गाठ मारा आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. हात साबणाने धुवा.
>
> खाल्लं असेल तर: एकाचे दोन दिसणं, पापण्या मिटत जाणं, बोलताना जीभ जड होणं, गिळताना त्रास, हात-मान लुळी पडणं, श्वास घ्यायला जड जाणं. यातलं एक जरी दिसलं तरी लगेच दवाखान्यात जा किंवा १०८ ला फोन करा. डॉक्टरांना सांगा, ‘कोळंबीचं लोणचं खाल्लं आहे’. ही लक्षणं बहुतेक वेळा १२ ते ३६ तासांत दिसतात, पण आठ-दहा दिवसांनीही दिसू शकतात.
>
> पैसे: पूर्ण १८० रुपये परत मिळतील. बिल नको. अर्धी संपलेली असली तरी पूर्ण पैसे. फेकून दिली असेल, खाऊन संपली असेल, तरीही फोन करा.
>
> ही बाटली तुम्ही कुणाला भेट दिली असेल तर आजच त्यांना फोन करून सांगा.

यातल्या काही ओळींवर बराच खल झाला, कारण चूक तिथेच होते.

बॅच नंबर छापील झाकणावर जसा आहे तसाच द्यायचा. सूचनेत ‘बी ११८’ लिहिलं आणि झाकणावर B118 असलं तर सत्तरीतली आजी त्या दोन्हींची सांगड घालेलच असं नाही. म्हणून सूचनेबरोबर झाकणाचा जवळून काढलेला फोटो दिला, नंबरभोवती लाल गोल करून. झाकणावर तीन ओळी असतात: बॅच, भरल्याची तारीख, वापरण्याची मुदत. फोटो नसेल तेव्हा लोक हमखास मुदतीची तारीख वाचून सांगतात. त्यातून ही शाई तेलाच्या बोटाने पुसते. ‘नंबर पुसला असेल तर B118 च समजा’ या ओळीमुळे दुसऱ्या बॅचच्या काही बाटल्यांचेही पैसे गेले, पण तो खर्च झेपण्यासारखा असतो.

लक्षणांची यादी सोप्या शब्दांत आणि पूर्ण द्यावी लागते. आपल्याकडे अन्नातून विषबाधा म्हटली की उलटी-जुलाब डोळ्यांसमोर येतात. बोट्युलिझममध्ये उलटी होऊ शकते, पण खरी खूण डोळे, जीभ आणि घसा. ताप सहसा नसतो. पापण्या जड आणि बोलणं अडखळतं, म्हणून घरचे ‘जास्त झाली असेल’ म्हणून त्या माणसाला झोपवून ठेवतात, असंही होऊ शकतं. ‘लोणचं खाल्लं’ हे डॉक्टरांना सांगायचं वाक्य अवतरणात देण्याचं कारण हेच. पापण्या मिटताहेत म्हणून आलेल्या रुग्णाला चार दिवसांपूर्वी काय खाल्लं ते डॉक्टर विचारतीलच, याची खात्री नसते.

‘उकळून खाल्लं तर चालेल का?’ हा प्रश्न फोनवर पहिल्याच दिवशी आला. विष उष्णतेने नष्ट होतं हे खरं आहे, दहा मिनिटं खळखळ उकळलं तर. पण हे वाक्य आम्ही सूचनेत घातलं नाही आणि फोनवरही बोललो नाही. एकाने ‘उकळून’ म्हटलं की दुसरा कढईत परतून घेतो, तिसरा मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर ठेवतो. जेवढे कमी पर्याय, तेवढं पाळायला सोपं.

वासाबद्दलची ओळ तर ठळकच हवी. एका दुकानदाराने विचारलंच, ‘वास तर चांगलो येता, मगे कित्याक टाकूचा?’ नासकं ते वासावरून कळतं, हा मासळी खाणाऱ्या माणसाचा जन्मभराचा अनुभव असतो आणि एरवी तो बरोबरही असतो. या एका बाबतीत तो उपयोगी पडत नाही, हे त्याला नीट सांगावं लागतं. दटावून भागत नाही.

फुटलेल्या किंवा गळणाऱ्या बाटलीचा मजकूर मुख्य सूचनेत घातला नाही. तो फोनवर सांगायचं ठरवलं, नाहीतर सूचना लांबते. सांगायचं ते असं: रबरी हातमोजे घाला. पाव वाटी घरगुती ब्लीचमध्ये दोन वाट्या पाणी मिसळा, सांडलेल्या जागेवर ओता, त्यावर कागद किंवा जुनी फडकी पसरा आणि पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. मग सगळं पिशवीत गोळा करा. काचा हाताने उचलू नका. आणि ब्लीचमध्ये संडास साफ करायचं आम्लयुक्त द्रावण अजिबात मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. हे शेवटचं वाक्य प्रत्येक वेळी सांगायचंच. ‘जास्त जोर येऊ दे’ म्हणून दोन्ही एकत्र ओतणारी घरं कमी नाहीत.

सूचना पोचवण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप पुरेसं पडत नाही. दुकानांना आधी फोन केला, मग कागद हातात दिला, उरलेल्या बाटल्या फळीवरून काढून मोजून घेतल्या आणि पोचपावतीवर सही घेतली. ‘काढून ठेवा, नंतर नेतो’ म्हणून निघून आलं तर बाटल्या गल्ल्याखाली राहतात आणि दुकानातला नवा पोरगा त्या पुन्हा फळीवर मांडतो. अकरा दुकानांतून ९२ आणि दादरच्या दुकानातून १९ बाटल्या न विकलेल्या मिळाल्या. म्हणजे २१३ बाटल्या लोकांच्या घरी गेल्या होत्या. कारखान्याजवळच्या वाड्यांमध्ये नेटवर्क नाही, तिथे ग्रामपंचायतीच्या फलकावर कागद लावला, आशा सेविकांना सांगितलं आणि रिक्षावर भोंगा बांधून फिरवला. भोंग्यावरचा मजकूर वेगळा लिहावा लागतो. रिक्षा घरासमोरून जाते तेवढ्या वेळात एकच वाक्य नीट ऐकू येतं, म्हणून प्रत्येक वाक्यात लोणच्याचं नाव, ‘लाल झाकण’ आणि ‘खाऊ नका’ हे तिन्ही पाहिजेत.

व्हॉट्सअ‍ॅपसाठी मजकूर आणि फोटो एकाच चित्रात बसवले. वेगवेगळे पाठवले की पुढे फक्त फोटो फिरतो आणि ‘मालवणचं लोणचं विषारी’ अशी नवी बातमी तयार होते. चित्रावर तारीख आणि बॅच ठळक हवी. तारीख नसलेली सूचना गणपतीत पुन्हा फिरायला लागते, आणि तेव्हा दुसऱ्याच कुणाचा तरी माल पडून राहतो.

फोन घेणाऱ्यांसाठी प्रश्नांचा क्रम कागदावर लिहून ठेवला होता. माणूस फोन करतो पैशांसाठी. आपण पहिलं विचारायचं, ‘कुणी खाल्लंय का? कधी? आत्ता तब्येत कशी आहे?’ खाल्लं असेल तर लक्षणं एकेक करून विचारायची. घरातल्या दुसऱ्या कुणी खाल्लंय का, तेही विचारायचं. मग झाकणावरचा नंबर वाचून घ्यायचा, मग बाटली कुठून आली आणि आणखी कुणाला दिली ते, आणि सर्वांत शेवटी पैशांचं. पैशांचं आधी झालं की बाकीच्या प्रश्नांना ‘बरं बरं’ म्हणून फोन ठेवला जातो. लक्षण सांगणारा फोन आला तर पुढचे प्रश्न सोडून १०८ कडे वळवायचं, आणि अर्ध्या तासाने आपणच परत फोन करायचा. सुदैवाने तसा फोन आला नाही. ज्यांनी खाल्लं होतं त्यांना मात्र दहा दिवस पुरे होईपर्यंत मधूनमधून विचारत राहिलो.

पैसे परत देण्याचे तीन मार्ग ठेवले. दुकानात बाटली दिली की तिथेच रोख १८० रुपये. दुकानदाराला ते पैसे आणि त्याचा माल यांची क्रेडिट नोट. कारखान्याच्या काउंटरवर रोख. आणि लांबच्यांना यूपीआय. लांबच्यांकडून बाटली परत मागवली नाही. काचेची, कदाचित गळणारी बाटली कुरिअरने पाठवायला लावणं म्हणजे धोका पोस्टमनच्या पिशवीत टाकणं. त्यांनी झाकणाचा फोटो पाठवायचा, बंद बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून दोन पिशव्यांत बांधायची, वर ‘खाऊ नका’ लिहायचं आणि पालिकेच्या कचऱ्यात द्यायची. दादरच्या आसपासच्यांना तिथल्या दुकानात देता येत होती. बाटली आधीच फेकलेली असेल तर फोटोचाही आग्रह धरला नाही. तोंडी सांगितलेल्या तारखा आणि दुकान आपल्या यादीशी जुळले की पुरे.

इतकी सूट दिली तर लोक फसवतील, असं कारखान्याच्या हिशोबनिसाचं म्हणणं होतं. १८० रुपयांसाठी खोटं बोलणारे चार-सहा निघतीलही. पण बिल मागितलं की खरी बाटली असलेला माणूस ‘जाऊ दे’ म्हणतो, बाटली फळीवर राहते, आणि पैसे वाया गेले असं वाटून पुढेमागे खाल्लीही जाते. कोकणी माणूस अन्न फेकत नाही. बदल्यात पूर्ण किंमत हातात पडली तरच तो ते सहज सोडतो. अर्ध्या बाटलीचेही पूर्ण पैसे द्यायचे ते याच हिशोबाने. बदली माल मात्र दिला नाही. त्याच लोणच्याची दुसरी बाटली हातात दिली की नंबरांचा घोळ होतो, आणि त्या आठवड्यात ती कुणाला नकोही असते.

यूपीआयमध्ये एक खाचखळगा आहे. पैसे परत मिळणार अशी सूचना फिरली की तिच्या आडून फसवणारेही फोन करू लागतात. म्हणून सूचनेच्या दुसऱ्या पानावर ठळक लिहिलं: ‘आम्ही तुम्हाला स्वतःहून फोन करून यूपीआय पिन, ओटीपी किंवा कार्ड नंबर मागणार नाही. पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही.’ पैसे दोन कामकाजाच्या दिवसांत जमा होतील असं लिहिलं, आणि न मिळाल्यास कुणाला फोन करायचा तेही लिहिलं. त्याखाली राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबरही दिला. आपल्याविरुद्ध तक्रार करायचा नंबर आपणच छापतोय हे पाहून मालकांचा चेहरा बदलला होता खरा, पण पैशांबद्दल शंका घेणारे फोन त्यानंतर आले नाहीत.

महिन्याअखेर हिशोब असा जुळला. घरी गेलेल्या २१३ पैकी १३९ बाटल्यांचे पैसे परत गेले. त्यातल्या ८१ प्रत्यक्ष हातात आल्या, ५८ खाऊन संपल्या होत्या किंवा फेकल्या होत्या. ७४ बाटल्यांचा पत्ता लागला नाही, आणि एफडीएला दिलेल्या अहवालात तो आकडा तसाच लिहिला. ‘बहुतांश माल परत आला’ असलं वाक्य तिथे चालत नाही. बनवलेले, पाठवलेले, परत आलेले आणि न सापडलेले, हे चारही रकाने बेरजेला जुळावे लागतात. गोदामातल्या ९६, त्यात चाचणीला लागलेल्याही आल्या, दुकानांतल्या १११ आणि घरांतून आलेल्या ८१ अशा २८८ बाटल्यांची नोंद झाली. त्या वेगळ्या खोलीत कुलपात, ‘विक्रीसाठी नाही’ अशी पट्टी लावून ठेवल्या होत्या. अधिकाऱ्यांच्या लेखी संमतीनंतर त्या न उघडताच भस्मीकरणाची परवानगी असलेल्या संस्थेकडे गेल्या. बाटल्या धुऊन पुन्हा वापरू, काच महाग आहे, अशी एक सूचना आली होती. ती मान्य केली नाही, कारण धुवायची म्हणजे आधी उघडायची.

उरलेल्या ७४ साठी दुकानांतला कागद काढलेला नाही. झाकणावरची मुदत २७ ऑक्टोबरची आहे, पण लोणचं मुदतीनंतरही घरात राहतं, त्यामुळे तो कागद आणि पैसे परत देण्याचा नंबर पुढच्या शिमग्यापर्यंत चालू ठेवायचं ठरलंय. ऑगस्टच्या सुरुवातीला, चाकरमानी गणपतीला निघायच्या आधी, तेच चित्र नवी तारीख घालून पुन्हा पाठवायचं आहे. वर फक्त एक ओळ वाढवायची: ‘मे महिन्यात गावाहून नेलेली बाटली अजून घरात आहे का, बघा.’